पाहुण्यांसमोर बोलायला शिकवताना: आधी हातात पाण्याचा पेला, मग तोंडात वाक्य

दाराची बेल वाजली की माझी धाकटी लेक हातातलं टाकून माझ्या मागे यायची. ओढणीचं टोक मुठीत धरायची आणि कपाळ माझ्या पाठीला टेकवून उभी राहायची. पाहुणे वाकून तिला शोधायचे. "अगं, लपतेस काय? ओळखलंस का मला?" ती आणखी घट्ट चिकटायची. तेव्हा ती दुसरीत होती. घरात दिवसभर तिच्या तोंडाला विसावा नसायचा, शाळेत बाईंनी विचारलं तर उत्तर द्यायची, खाली खेळायला गेली की तिचाच आवाज सगळ्यात मोठा. फक्त पाहुणे आले की वाचा बसायची.

आषाढ ते दसरा एवढ्या काळात आम्ही हे हळूहळू सोडवलं. तेव्हा काय केलं, कुठे फसलं आणि कोणत्या क्रमाने गेलो ते इथे लिहिते आहे. साधारण पहिली ते चौथीतल्या मुलांच्या पालकांना ते उपयोगी पडेल.

आधी लपण्याचं कारण बघा

न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने १९५६ पासून शंभरहून जास्त मुलांची तान्हेपणापासून अनेक वर्षं पाहणी केली. त्यांतल्या सुमारे १५ टक्के मुलांची त्यांनी वेगळी नोंद केली. ही मुलं नव्या माणसापुढे, नव्या जागी आधी मागे सरतात आणि वेळ मिळाला की आपणहून पुढे येतात. हा जन्मजात स्वभाव असतो. तुमचं मूल असं असेल तर त्याला लागणारा वेळ तुम्ही कमी करू शकता, पण शून्यावर आणू शकत नाही. पाहुणे येऊन पाच-दहा मिनिटं झाली की तुमचं मूल आपोआप दारात डोकावायला लागतं का, एवढं एकदा नीट पाहा. डोकावत असेल तर त्याला पाहुण्यांत रस आहे, अडतंय ते फक्त सुरुवातीला.

दुसरं कारण आपल्या भाषेतलं आहे आणि ते मला फार उशिरा कळलं. समोरच्या माणसाला काय म्हणायचं हेच मुलाला माहीत नसतं. आमच्या घरी आजी "अगं आजी", मावशी "अगं मावशी", पण आत्या "अहो आत्या". बाबांच्या मावशी आल्या तर त्या कोण? वयाने आजी, बाबा म्हणतात मावशी, आणि आई त्यांना अहो-जाहो करते. सात वर्षांच्या मुलाने तोंड उघडायच्या आधी हे सगळं एका क्षणात ठरवायचं असतं. चुकून "तू" म्हटलं तर मोठी माणसं हसतात, आणि ते हसणं मूल विसरत नाही. एका रात्री झोपताना लेक मला म्हणाली, "मला कळतच नाही त्यांना तू म्हणू की तुम्ही." त्या वाक्यापासून मी कामाला लागले.

पहिली पायरी: पाहुणे यायच्या आधीची पाच मिनिटं

पाहुणे येणार हे माहीत असेल तर मुलाला चारच गोष्टी सांगायच्या: कोण येणार, त्यांना काय म्हणायचं, ते साधारण काय विचारतील, आणि तुझं काम काय. "संध्याकाळी बाबांच्या मावशी येणार आहेत. तू त्यांना 'आजी' म्हण, आणि 'अहो आजी, तुम्ही' असं बोल. त्या कितवीत आहेस ते विचारतील. तू त्यांना पाणी नेऊन द्यायचंस." फोटो असेल तर मोबाइलवर दाखवा. चेहरा एकदा पाहिलेला असला तर दारातला माणूस पूर्ण परका राहत नाही.

हे सकाळी सांगू नका. दिवसभर मूल तेच मनात घोळवत बसतं. पाहुणे यायच्या अर्धा तास आधी सांगितलेलं पुरतं.

दुसरी पायरी: हातात काहीतरी द्या

सगळ्यात जास्त फरक याने पडला, म्हणून यावर थोडं थांबते. दारात नुसतं उभं राहून "नमस्कार" म्हणायचं, तर मुलाच्या हातांना काही काम नसतं आणि सगळ्यांच्या नजरा त्याच्या चेहऱ्यावर असतात. त्याच मुलाच्या हातात पाण्याचा पेला दिला की नजरा पेल्याकडे जातात आणि मुलाचं लक्षही पेल्याकडे राहतं. आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं ही आपल्याकडची रीतच आहे, त्यामुळे कुणाला ते मुद्दाम केलेलं वाटत नाही.

पेला स्टीलचा घ्या, काचेचा नको. पाऊणच भरा, म्हणजे सांडण्याची धास्ती राहत नाही. एकच पाहुणा असेल तर तबक नको, मुलाने दोन्ही हातांनी पेला धरून न्यावा. पाहुणे बसले की मगच पाठवा. दारात चपला काढत असताना, पिशव्या खाली ठेवत असताना सगळेच उभे आणि गडबडीत असतात, आणि मुलाला वर मान करून बोलावं लागतं. बसलेला माणूस त्याच्या उंचीवर येतो.

पहिले तीन-चार वेळा मुलाने काहीही बोलायचं नाही, नुसतं पाणी द्यायचं आणि परत यायचं. मुलाला तसं स्पष्ट सांगून टाका. माझ्या लेकीने पहिल्या दिवशी शेजारच्या आजींना पाणी दिलं आणि वळून थेट स्वयंपाकघरात आली. ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "दिलं." मीही "हो, पाहिलं मी," एवढंच म्हणाले. इथे फार कौतुक करू नका. टाळ्या वाजवल्या तर मुलाला वाटतं की आपण काहीतरी फार अवघड केलं, आणि पुढच्या वेळी ते खरंच अवघड वाटायला लागतं.

मग त्या कामाला एक वाक्य जोडायचं. "आजी, पाणी घ्या." तीनच शब्द, पण त्यात हाक आहे, मान आहे, आणि बोलणं संपल्यावर निघून जायची मोकळीकही आहे. नमस्कार त्यानंतरचा. आमच्याकडे मोठ्यांना वाकून नमस्कार करतात, तो पाहुणे बसल्यावर आणि पेला खाली ठेवल्यावर करायचा. बाबांच्या ऑफिसातल्या काकांना हात जोडून नमस्कार पुरतो. या दोन्हींतला फरक आधीच सांगून ठेवा, आयत्या वेळी "वाकून कर गं" असं सगळ्यांदेखत म्हणू नका.

तिसरी पायरी: दारावरची तालीम

घरातच पाहुणे-पाहुणे खेळायचं. एक मोठा माणूस बाहेर जाऊन बेल वाजवतो, मूल यजमान होतं. दुसऱ्या फेरीत उलट करायचं: मूल पाहुणा होतं आणि आई-बाबा "मूल" होऊन लपतात. ही उलटी फेरी नक्की खेळा. माझ्या लेकीने "पाहुणी" होऊन मला विचारलं, "का गं लपतेस? मी काय खाते का तुला?" तेव्हा पाहुण्यांच्या बाजूने हे कसं दिसतं ते तिला कळलं. मलाही लपून उभं राहिल्यावर जाणवलं की प्रश्न विचारणारा माणूस केवढा मोठा दिसतो.

आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटं एवढीच तालीम करा. रोज केली तर तो अभ्यास होतो.

आवाज बारीक येत असेल तर "मोठ्याने बोल" म्हणून काही होत नाही. त्याऐवजी तुम्ही ओट्यापाशी उभं राहा, मुलाला बाहेरच्या खोलीत उभं करा आणि तिथून वाक्य म्हणायला सांगा. ऐकू येण्यासाठी किती जोर लावावा लागतो ते त्याचं त्यालाच समजतं. डोळ्यांत बघून बोलायचा आग्रह धरू नका. "त्यांच्या टिकलीकडे बघ", "चष्म्याकडे बघ" एवढं पुरतं. समोरच्याला फरक कळत नाही आणि मुलाची मान खाली जात नाही.

चौथी पायरी: प्रश्न आणि त्यांची उत्तरं

घरी येणाऱ्या मोठ्या माणसांचे मुलांना विचारायचे प्रश्न ठरलेले असतात: नाव काय, कितवीत आहेस, शाळा कोणती, काय खेळतेस. या चारांची उत्तरं पक्की करून घ्यायची. यातही एक अडचण असते. घरात आपण मुलाला लाडाच्या नावाने हाक मारतो आणि शाळेत वेगळं नाव असतं. "नाव काय?" म्हटल्यावर कोणतं सांगायचं या विचारात मूल अडकतं. शाळेतलं नाव सांगायचं, आडनाव विचारलं तरच सांगायचं, असं ठरवून टाका.

एका शब्दाचं उत्तर सुरुवातीला चालतं. "दुसरीत." पंधरा दिवसांनी त्याला एक शेपूट जोडायची. "दुसरीत. आम्हाला नवीन बाई आल्यात." ही शेपूट मुलाला स्वतःला सांगावीशी वाटेल अशी त्याचीच निवडू द्या. त्यामुळे पाहुण्यांना पुढचा प्रश्न सापडतो आणि मुलालाही आवडीच्या विषयावर बोलायला मिळतं.

अडचणीच्या प्रश्नांची उत्तरं वेगळी शिकवावी लागतात. "ओळखलंस का मला?" याला मुलं घाबरतात, कारण त्याचं उत्तर बहुतेक वेळा "नाही" असतं आणि ते उद्धट वाटेल अशी भीती असते. आम्ही वाक्य ठरवलं: "नाही ओळखलं, तुम्ही सांगा ना." ते हसतमुखाने म्हटलं की समोरचा माणूस खूश होऊन नातं सांगायला लागतो. "आई जास्त आवडते की बाबा?" याला "दोघं". "गाणं म्हणून दाखव" याला "आत्ता नको, नंतर म्हणेन", आणि ते तुम्ही मान्य करायचं. हळूहळू रुळणाऱ्या मुलाला लगेच गाणं-कविता म्हणायला उभं केलं तर त्याच्या डोक्यात पाहुणे म्हणजे परीक्षा हे पक्कं बसतं.

प्रश्न आला की तुम्ही गप्प बसायचं. सगळ्यात कठीण काम हेच आहे. मनातल्या मनात सावकाश सातपर्यंत मोजा. आपल्याला ती शांतता फार लांब वाटते, पण मुलाला प्रश्न समजून, वाक्य जुळवून, हिंमत करायला तेवढा वेळ लागतो. मी मोजायला लागले तेव्हा लक्षात आलं की एरवी मी दोनपर्यंतही थांबत नव्हते, तिच्याऐवजी उत्तर देऊन मोकळी होत होते. सातपर्यंतही काही आलं नाही तर प्रश्न सोपा करून द्या: "तुमच्या वर्गात नवीन बाई आल्या की सर?" दोनांतलं एक निवडणं सोपं जातं. तेही जमलं नाही तर "नंतर सांगेल ती" म्हणून विषय बदला. "लाजते हो ती फार" हे वाक्य मात्र मुलासमोर कधीही नको. ते ऐकून ऐकून मूल ती आपली ओळखच मानतं, आणि मग लाजणं हेच त्याचं काम होऊन बसतं.

पाहुण्यांनाही थोडं सांगा

जवळची माणसं असतील तर फोनवरच सांगून ठेवावं: "आल्या आल्या तिच्याशी बोलू नका, आधी आमच्याशी बोला. ती पाणी घेऊन येईल तेव्हा फक्त थँक्यू म्हणा." बहुतेक जण आनंदाने ऐकतात. गालगुच्चे, मांडीवर ओढून घेणं, पापी मागणं यांना मूल "नको" म्हणालं तर तुम्ही मुलाच्या बाजूने उभं राहा. लांबून नमस्कार केला की आदर झाला. अंगाला हात लावू देणं हा आदबीचा भाग नाही, हे मुलाला याच वयात कळायला हवं.

आणखी एक नियम याच तालमीत घालून ठेवा. हे सगळं घरात मोठं माणूस असतानाचं आहे. घरात मूल एकटं असेल तर दार उघडायचं नाही, आणि रस्त्यात अनोळखी माणसाने नाव-शाळा विचारली तर उत्तर देणं बंधनकारक नाही. मुलं नियम शब्दशः पाळतात, म्हणून हा फरक बोलून सांगावा लागतो.

आमचं कुठे फसलं

शेजारच्या आजींबरोबर तीन रविवार छान गेले. मग साताऱ्याहून आत्याआजी आल्या, आणि त्यांच्याबरोबर आणखी चार जण. आधी कळवलं नव्हतं. मी उत्साहात लेकीच्या हातात पाच पेल्यांचं तबक दिलं. ती उंबऱ्यापर्यंत गेली, पाच चेहरे तिच्याकडे वळले, कुणीतरी म्हणालं, "अरे वा, केवढी मोठी झाली!" तबक तिथेच स्टुलावर ठेवून ती आत पळाली आणि पाहुणे जाईपर्यंत बाहेर आली नाही. पाहुणे गेल्यावर मी तिला बोलले. ती माझी दुसरी चूक. पाहुण्यांसमोरची फजिती आणि वर आईचा राग या दोन्हींची गाठ तिच्या मनात पडली, आणि पुढचे दोन आठवडे ती शेजारच्या आजींनाही पाणी द्यायला तयार नव्हती.

चूक उघड होती. एका ओळखीच्या माणसावरून मी तिला एकदम पाच अनोळखी माणसांवर नेलं होतं. मधल्या पायऱ्या राहूनच गेल्या होत्या: एक कमी ओळखीचं माणूस, मग दोन, मग कुटुंब. मूल मागे गेलं की दोन पायऱ्या खाली उतरा आणि जिथे ते सहज करत होतं तिथून पुन्हा सुरू करा. आम्ही पुन्हा नुसत्या, न बोलता दिलेल्या पेल्यावर आलो. यावेळी दहा दिवसांत वाक्यापर्यंत पोचलो, पहिल्यापेक्षा लवकर.

सणांचा उपयोग करून घ्या

आपले सण या शिकवणीसाठी तयारच बसलेले आहेत, कारण त्यांत मुलाच्या हातात द्यायची वस्तू आणि तोंडात म्हणायचं वाक्य दोन्ही ठरलेलं असतं. संक्रांतीला तिळगूळ आणि "तिळगूळ घ्या, गोड बोला". दसऱ्याला आपट्याची पानं आणि "सोनं घ्या". गणपतीत खिरापतीची वाटी आणि "प्रसाद घ्या". ही वाक्यं सगळी मुलं म्हणतात, त्यामुळे तुमच्या मुलाला आपण वेगळे वाटत नाही. समोरच्याचं उत्तरही ठरलेलं असतं.

आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती असतो. पहिल्या दिवशी मी लेकीला फक्त शेजारच्या दोन घरच्यांना खिरापत द्यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने चमचा स्वतःच मागितला. तिसऱ्या दिवशी बाबांच्या ऑफिसातले सहा जण आले, तेव्हा मी तिला काही सांगितलं नाही. ती वाटी घेऊन देवाजवळच उभी राहिली आणि दर्शन घेऊन वळणाऱ्या प्रत्येकाला खिरापत देत गेली. सहा लोक एकदम आले तरी तिच्यासमोर एका वेळी एकच माणूस येत होतं. ही उभं राहायची जागा तिने स्वतः शोधली होती, आणि त्यानंतर मी घरातल्या पाहुण्यांसाठीही तीच युक्ती वापरली: सगळ्यांत शेवटी बसलेल्या एकापासून सुरुवात करायची.

तज्ज्ञांकडे कधी जायचं

पाहुण्यांसमोर गप्प पण शाळेत, खेळात बोलणारं मूल असेल तर वर सांगितलेलं पुरतं. पण मूल घरात नीट बोलतं आणि शाळेत महिनाभराहून जास्त काळ अजिबात बोलत नाही, बाईंना शू लागली हेही सांगू शकत नाही, असं असेल तर तालमी थांबवा आणि बालमानसतज्ज्ञांना दाखवा. शाळेचा पहिला महिना यात धरू नका, तेव्हा बरीच मुलं गप्प असतात. बोलायला बोलावल्यावर अंग ताठ होत असेल, चेहरा गोठल्यासारखा दिसत असेल, तर तो हट्ट नसतो. अशा मुलावर जोर केला की गप्प राहणं वाढतं.

शेवटची पायरी: उलटा प्रश्न

उत्तरं जमायला लागली की एक प्रश्न विचारायला शिकवा. "तुम्ही कसे आलात?", "तुमच्या घरी कोण कोण आहे?" यांतला एखादा पुरे. प्रश्न विचारला की बोलायची पाळी समोरच्याची होते आणि मुलाला निवांत ऐकता येतं. आमच्याकडे हे दसऱ्याला जमलं. आत्याआजी पुन्हा आल्या, या वेळी एकट्याच. लेकीने पाणी दिलं, सोनं दिलं, वाकून नमस्कार केला. आजींनी कितवीत आहेस ते विचारलं, तिने शेपटासकट सांगितलं. मग माझ्याकडे एकदा बघून तिने विचारलं, "आजी, तुम्ही एसटीने आलात का? खिडकी मिळाली?" खिडकी मिळाली नव्हती. कंडक्टरशी काय बोलणं झालं तिथपासून आत्याआजी सांगायला लागल्या, आणि लेक त्यांच्या शेजारी सतरंजीवर मांडी घालून बसली.